दहा वर्षांनी अमेरिकेत एमएस: डॉलर कितीचा धरायचा आणि रुपयात किती साठवायचे?

सातवीचा_पालक

मुलगा सातवीत आहे. बीई झाल्यावर अमेरिकेत एमएसला जाईल असं धरून चाललोय, म्हणजे बरोबर दहा वर्षं हातात आहेत. नमुन्याला एका सरकारी विद्यापीठाची फी घेतली: वर्षाला ३०,००० डॉलर, फक्त ट्यूशन. राहण्याखाण्याचा हिशोब वेगळा करणार आहे, तो इथे नको. डॉलर आज ८८ धरलाय आणि दरवर्षी ३ टक्के महागेल असं मानलंय.

माझ्या शीटमध्ये दोन वर्षांची फी ७१ लाख येते. एका सल्लागाराने तोच हिशोब करून १ कोटी ९६ लाख सांगितले. त्यांनीही डॉलर ३ टक्केच धरलाय. मग पावणेतिप्पट फरक कुठून आला? कोण चुकतंय?

आकडेमोड

दोघंही. तुमचे ७१ लाख म्हणजे ३०,००० गुणिले ११८ गुणिले दोन. डॉलर दहा वर्षांनंतरचा घेतलात आणि फी आजचीच ठेवलीत.

सल्लागारांचा आकडा उलटा फिरवून पाहिला तर त्यांनी फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढवलेली दिसते. हा 'शिक्षणाची महागाई १० टक्के' आकडा आपल्याकडच्या खासगी कॉलेजांच्या रुपयातल्या फीवरून आलेला आहे. तो डॉलरच्या फीला लावायचा आणि वर पुन्हा रुपयाची घसरण मोजायची, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा. डॉलरमधली फी डॉलरच्या वेगानेच वाढवायला हवी. ४ टक्के धरा, पण तेही माझ्यावर विश्वास ठेवून नको. तुमच्या मनात असलेल्या चार-पाच विद्यापीठांचे मागच्या दहा वर्षांचे फीचे तक्ते बघा आणि पहिल्या-शेवटच्या आकड्यावरून वार्षिक वाढ काढा. एखाद्याच वर्षाची वाढ बघू नका. फी एखादं वर्ष गोठवतात आणि पुढच्या वर्षी एकदम वाढवतात.

शीट अशी मांडा. B1 मध्ये 30000, B2 मध्ये 4%, B3 मध्ये 88, B4 मध्ये 3%. A6 मध्ये आजपासून कितवं वर्ष ते. पहिल्या वर्षाच्या फीला 10, दुसऱ्याला खाली A7 मध्ये 11, आणि सूत्रंही सातव्या ओळीत उतरवा. मग B6, C6, D6 मध्ये अनुक्रमे:

```
=B$1*(1+B$2)^A6
=B$3*(1+B$4)^A6
=B6*C6
```

पहिल्या वर्षाची फी ४४,४०७ डॉलर, दर ११८.२६, म्हणजे ५२.५ लाख. दुसऱ्या वर्षी ५६.३ लाख. एकूण १ कोटी ९ लाखांच्या आसपास. फी आणि दर वेगळ्या रकान्यांत ठेवा. दोन्ही मिळून 'वर्षाला ७.१२ टक्के' असा एकच आकडा ठेवला तरी उत्तर तेच येतं, पण उद्या डॉलर चुकला की फी चुकली हे कळायला जागा उरत नाही.

सातवीचा_पालक

समजलं. मग महिन्याला किती?

आकडेमोड

पहिली फी भरायच्या दिवशी किती जमलेले हवेत ते आधी काढा. दुसऱ्या वर्षाचे पैसे एक वर्ष थांबणार आहेत. ते त्या वर्षात एफडीत कर जाऊन ५ टक्के देतील असं धरलं, तर ५६.३ लाखांसाठी आधी ५३.६ लाख पुरतात. म्हणजे एकूण १ कोटी ६ लाख.

दहा वर्षं गुंतवणुकीवर कर जाऊन ९ टक्के धरले तर महिना ५५,९०० रुपये. हप्ता दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवणार असाल तर सुरुवात ४०,८०० वर. मात्र शेवटच्या वर्षी तोच हप्ता ८१,५०० झालेला असेल. हा आकडा आजच लिहून ठेवा. वाढत्या हप्त्याची गोम हीच आहे, सुरुवातीचा आकडा गोड दिसतो.

वसईचा_बबन

९ का? म्युच्युअल फंडात १२ सहज मिळतात.

आकडेमोड

१२ टक्के धरायचे असतील तर डॉलरही ३ वर ठेवू नका. इथे परतावा भरघोस आणि तिकडच्यापेक्षा महागाई जेमतेम जास्त, अशी दहा वर्षं एकत्र मिळतीलच असं नाही. शिवाय शेवटची दोन-तीन वर्षं पैसे शेअरमधून काढत आणावे लागणार आणि नफ्यावर सवा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे. सगळं मिसळून ९. तुम्हाला ८ वाटत असेल तर मी भांडणार नाही.

प्राजक्ता_ह्यूस्टन

एक दुरुस्ती, आणि ती बरीच मोठी आहे. एमएसची फी बहुतेक ठिकाणी वर्षाची नसते, क्रेडिटची असते. पूर्णवेळ म्हणजे साधारण सत्राला ९ क्रेडिट. ३०,००० डॉलर १८ क्रेडिटचे असतील तर एका क्रेडिटला साधारण १,६६७ डॉलर. पदवी ३० क्रेडिटची असली तर पहिल्या वर्षी १८ होतात आणि दुसऱ्या वर्षी १२ च उरतात. शेवटच्या सत्रात उरलेले तीनच क्रेडिट घेऊन पूर्ण करता येतं, व्हिसाच्या नियमात ती सवलत आहे.

म्हणजे दुसऱ्या वर्षाचे ५६.३ नाहीत, त्याच्या दोन तृतीयांश, ३७.५ लाख. क्रेडिटचा दर मात्र दर फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सत्राला, वाढतो, तेवढं बरोबर धरलंय. जिथे ३६ क्रेडिट लागतात तिथे ही सूट नाही. इंजिनियरिंग आणि बिझनेसला वेगळा वरचा आकार असतो, तो ट्यूशनच्या तक्त्यात नसून 'फीज' नावाच्या दुसऱ्या पानावर सापडतो. त्यातच आरोग्य विमा आणि परदेशी विद्यार्थ्यांचा आकारही असतो.

आकडेमोड

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, धन्यवाद. मग ३० क्रेडिटला एकूण ९० लाख, पहिल्या दिवशी ८८.२ लाख हवेत, वाढता हप्ता ३३,९०० पासून. पालकांनी दोन्ही ओळी शीटमध्ये ठेवाव्यात.

नीलांबरी

माझी मुलगी लंडनला आहे, दुसरं वर्ष सप्टेंबरात सुरू होतंय. पौंड किती टक्क्यांनी वाढेल असं धरायचं? मी पण अशी शीट करू का?

प्राजक्ता_ह्यूस्टन

नीलांबरीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. काही महिन्यांत भरायच्या रकमेला टक्केवारी धरून काही साधत नाही, पौंड त्या काळात कुठेही जाऊ शकतो. २०१६ च्या जूनमध्ये शंभराच्या आसपास असलेला पौंड ऑक्टोबरात ८२ ला आला होता, ब्रेक्झिटच्या मतदानानंतर. आधीच भरून टाकलेल्यांचे तेव्हा नुकसान झाले, पण ते कुणालाच आधी दिसलं नव्हतं. तुम्ही एवढंच करा: ऑफर लेटर काढून बघा, फी संपूर्ण कोर्सला एकच ठेवलीय की दरवर्षी वाढेल असं लिहिलंय. तिकडे दोन्ही प्रकार असतात. आकडा पक्का झाला की हप्त्याहप्त्याने भरा.

वसईचा_बबन

एवढी माथेफोड कशाला? सगळे पैसे अमेरिकेच्या इंडेक्स फंडात टाका. डॉलर वाढला की फंड वाढतो. विनिमय दराचा प्रश्नच संपला.

पंत

बबनराव, अर्धं बरोबर आहे. चलन जुळतं, बाजार जुळत नाही. २०२२ घ्या. रुपया वर्षभरात ७४ वरून ८२ च्या पुढे गेला, पण एस अँड पी ५०० जवळपास १९ टक्के पडला आणि नॅसडॅक १०० तर ३३ टक्के. त्या वर्षी फी भरायची असती तर नॅसडॅकवाल्याच्या हातात रुपयातसुद्धा चतुर्थांश कमी आले असते आणि फी मात्र दहा टक्क्यांनी महागलेली.

दुसरं असं की दार बंद होतं. आपल्या म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीसाठी मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बऱ्याच फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं. तुमची दहा वर्षांची योजना अशा फंडावरच उभी असेल तर मधे एक-दोन वर्षं हप्ताच जात नाही.

आणि शीटमधली एक चूक सांगतो, ती सर्रास होते. अशा फंडाचा रुपयातला मागचा परतावा बघून १५ टक्के लिहितात. त्या १५ मध्ये रुपयाची घसरण आधीच धरलेली असते. पुढची दहा वर्षं लिहायची तर डॉलरमधला परतावा लिहा आणि त्यावर तुमच्याच C रकान्याचा दर लावा. म्हणजे डॉलर ३ ऐवजी १ टक्क्याने वाढला तर फी आणि फंड दोन्ही एकदम बदलतील, आणि खरंही तसंच होतं. तिसरा किंवा चौथा हिस्सा त्यात ठेवायला माझी हरकत नाही.

वसईचा_बबन

ठीक, सगळे नको. पण ३ टक्के तरी कुठून आले? रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४, अमेरिकेचं २. फरक २ चा. मग २ धरा ना.

पंत

तर्क चांगला आहे, इतिहासाशी जमत नाही. सरासरी दर २००४ मध्ये ४५ च्या थोडा वर, २०१४ मध्ये ६१, २०२४ मध्ये ८४ च्या जरा खाली. दोन्ही दशकांत वार्षिक ३ च्या आसपासच पडतात. ४ टक्क्यांचं लक्ष्य दुसऱ्या दशकातलंच, २०१६ चं. म्हणून ३ मधोमध ठेवा, पण तीन ओळी काढा: २, ३ आणि ५. दहाव्या वर्षी डॉलर १०७, ११८ आणि १४३. पहिल्या वर्षाची फी ४७.६, ५२.५ आणि ६३.७ लाख.

पण माझ्या मते टक्केवारीपेक्षा वाट महत्त्वाची. रुपया दरवर्षी ३ टक्के असा शिस्तीत घसरत नाही. तो वर्षानुवर्षं बसून राहतो आणि मग दोन पायऱ्या एकदम उतरतो. ऑगस्ट २००३ मध्ये डॉलर ४६ च्या आसपास होता. कुणी तेव्हा ३ टक्क्यांची रेघ आखली असती तर ऑगस्ट २०१३ साठी ६२ आले असते. आता मधे काय झालं बघा. २००७ अखेर डॉलर ३९ वर होता. ऑगस्ट २०११ च्या सुरुवातीलाही ४४ च. त्या दिवशी रेघ म्हणत होती ५८. आठ वर्षं रेघ चुकलेली दिसतेय म्हटल्यावर माणूस काय करतो? पुसतो आणि ४४ पासून नवी आखतो. त्याला २०१३ साठी ४७ दिसतात, म्हणून तो हप्ता कमी करतो. आणि २०१३ च्या जुलैत डॉलर ६० च्या आसपास, २८ ऑगस्टला ६८ च्याही पुढे. फॉलची फी भरायचे तेच दिवस.

जुनी रेघ ठेवणाऱ्याला जुलैत काहीच तोटा नव्हता, ऑगस्टअखेर दहा टक्के कमी पडले असते. नवी रेघ आखणाऱ्याला पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त. म्हणून माझा नियम: रुपया मजबूत राहिला म्हणून रेघ खाली आणायची नाही.

आकडेमोड

इथे पंतांशी माझं जमत नाही. बाजाराला तुमची रेघ माहीत नसते. पाच वर्षांनी डॉलर ८८ लाच असला, तर नवी रेघ दहाव्या वर्षासाठी १०२ सांगेल आणि तुमची ११८ च. त्या पाच वर्षांत महागाईतला फरक खरोखर कमी झालेला असला, तर ही १६ टक्के जास्तीची बचत कशासाठी?

पंत

आणि फरक कमी झालेला नसला तर? २००३ ते २०११ मध्ये आपली महागाई अमेरिकेच्या वर होती आणि रुपया तरी बसून होता. ती उधारी होती, ती फिटली. पाचव्या वर्षी बघायचं ते हेच: पाच वर्षांत इथल्या किमती किती वाढल्या, तिथल्या किती. फरक मिळून १५ टक्के आणि डॉलर जागच्या जागी, तर रेघ हलवू नका. फरकच २-३ टक्के असेल तर तुमचं म्हणणं मान्य, नवी आखा.

आकडेमोड

हे पटण्यासारखं आहे. पण उलट दिशेला? पाचव्या वर्षी डॉलर १०२ हवा होता आणि ११५ झालाय. तेव्हा तुम्ही जुन्या ११८ वर थांबणार की नवी रेघ आखून १३३ धरणार? १३३ म्हणाल तर तुमचा नियम फक्त वरच चढतो, आणि दहा वर्षांत प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्तच साठवेल.

पंत

१३३ धरेन. जास्त साठले तर राहण्याखाण्याला लागतील. कमी पडले तर साडेदहा-अकरा टक्क्यांनी कर्ज.

आकडेमोड

आणि त्यासाठी आज निवृत्तीच्या पैशातून हप्ता कापणाऱ्याचं काय? असो, इथे आपलं मिटणार नाही.

सातवीचा_पालक

दोघांचं वाचून एवढं कळलं की दर १ एप्रिलला शीटमध्ये प्रत्यक्ष दर लिहायचा आणि दोन्ही रेघा शेजारी ठेवायच्या. पण शेवटची उडी, म्हणजे २०१३ सारखी नेमकी फीच्या महिन्यात, ती कशी झेलायची? आधीच डॉलर घेऊन ठेवता येतात का?

गिरगावकर_सीए

घेता येतात, पण बिनखर्चाने नाही. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. गिफ्ट सिटीतल्या बँकेत डॉलर खातं उघडता येतं, जुलै २०२४ पासून ते सोपं झालंय. नुसते पडून राहिलेले डॉलर १८० दिवसांत परत आणावे लागतात, गुंतवलेले असतील तर नाही. आणि गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या पैशावर वर्षाला १० लाखांच्या पुढे २० टक्के टीसीएस आहे, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच आगाऊ कापून घेते तो कर. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन वर्षांत, दरवर्षी १० लाखांच्या आत, आई आणि वडील दोघांच्या पॅनवर थोडे थोडे घ्या. तीन वर्षांत ६० लाखांपर्यंतचं चलन बांधून होतं. मग ऑगस्टमधली उडी उरलेल्या रकमेलाच लागते.

प्रत्यक्ष फी पाठवताना: १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यापुढे शिक्षणासाठी २०२५-२६ मध्ये ५ टक्के. दर बजेटनंतर हा दर तपासा, दहा वर्षं टिकणार नाही. ऑगस्ट आणि जानेवारी हे दोन्ही हप्ते एकाच आर्थिक वर्षात येतात, तिथे फसू नका. ५२.५ लाख एकाच पॅनवरून गेले तर सव्वादोन लाखांच्या जरा खाली अडकतात, दोघांच्या पॅनवरून गेले तर साधारण १ लाख ६३ हजार. हा खर्च नाही, विवरणपत्रात परत मिळतो, आणि पगारदारांना टीडीएसमध्येही वळता करून घेता येतो. पण जुलैच्या शेवटी तेवढी रोकड हाताशी हवी. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस नाही.

एक चूक वारंवार बघतो. बँकेच्या फॉर्मवर उद्देशाच्या कोडमध्ये S0305 हवा, तो शिक्षणाचा, फी आणि होस्टेल धरून. राहण्याचे पैसे पाठवताना लोक 'नातेवाइकांचा उदरनिर्वाह' निवडतात, तो S1301. मग १० लाखांपुढे २० टक्के कापले जातात आणि बँक नंतर कोड बदलून द्यायला का कू करते.

C रकान्यातला दर बाजारातला आहे, बँक तुम्हाला त्या दराने विकणार नाही. एक टक्का वर धरा, नाहीतर ५२ लाखांना ५० हजार कमी पडतील.

प्राजक्ता_ह्यूस्टन

तारखांबद्दल एक राहिलं. फी ऑगस्टात असली तरी पैसे त्याआधी दिसावे लागतात. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र, देताना विद्यापीठ पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च इतकी रक्कम दाखवायला सांगतं, साधारण मार्च ते मे. अनेक विद्यापीठं त्यासाठी शेअर किंवा म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट धरत नाहीत, बचत खातं, एफडी किंवा कर्जाचं मंजुरीपत्र मागतात. म्हणजे शीटमधलं दहावं वर्ष खरं तर साडेनऊच आहे. फेब्रुवारीत बाजार पडलेला असताना फंड विकायची वेळ येऊ नये, म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे त्याच्या आदल्या वर्षीच बँकेत आलेले हवेत.

सातवीचा_पालक

A6 मध्ये 9.5 टाकून पाहिलं, पहिली फी ५०.७ लाख दिसते. पण फी वर्षातून एकदाच वाढते ना? मग हा आकडा खोटा कमी आहे का?

आकडेमोड

हो, तिथे 10 च ठेवा. साडेनऊ फक्त हप्त्यांच्या संख्येला: १२० ऐवजी ११४ महिने. हप्ता थोडा वाढेल.

वसईचा_बबन

आणि मुलगा म्हणाला जर्मनीला जातो, तर?

पंत

मग बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीच म्हणा, काही अपवाद सोडून, पण राहण्याचे पैसे व्हिसाआधी ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे जिथून महिन्याला ठरावीकच काढता येतात अशा खात्यात, भरावे लागतात. तेव्हा C रकान्यात युरो. युरोची रेघ वेगळी आहे, २०१४ मध्ये ऐंशीच्या घरात होता आणि २०१७ च्या सुरुवातीला सत्तरच्या आसपास. ३ टक्क्यांची शिस्त तो डॉलरइतकीही पाळत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथे आधीच गर्दी झालीय.